भाकरी कधी फुटते, ते आधी सांगा

"काकू, तुमच्यासारखंच सगळं केलं, तरी माझी भाकरी फुटते. काय चुकतंय?"

ज्वारीची भाकरी शिकवणारा व्हिडिओ बघून लोक जे प्रश्न विचारतात, त्यात हा सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचंच उत्तर देणं सगळ्यात अवघड असतं. आमच्या वहिनी सोलापुरात घरीच असे व्हिडिओ करतात. फोन धरायचं आणि आलेले प्रश्न वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. वहिनी मनाने उदार आहेत, कुणाला उत्तर द्यायचं टाळत नाहीत. पण या प्रश्नावर त्या दर वेळी उलट विचारतात, "कधी फुटते, ते सांगा की ओ." विचारणारा बहुतेक वेळा परत फिरकत नाही आणि विषय तिथेच संपतो.

वहिनींचं हे विचारणं उगीच नाही. भाकरी तीन वेगवेगळ्या वेळी फुटू शकते. परातीत थापताना कडेला चिरा पडतात. तव्यावर टाकल्यावर वरचा पापुद्रा मधूनच तडकतो. किंवा भाकरी अखंड दिसते, पण फुगायच्या वेळी एका बाजूने वाफ सुटते आणि ती बसते. खाणाऱ्याला तिन्ही सारख्याच, करणाऱ्याला तिन्हींचं कारण वेगळं. प्रश्नात यातली वेळ सांगितली नसेल, तर शिकवणाऱ्याला तिन्ही प्रकारांची उत्तरं लिहावी लागतात, आणि रात्री जेवणं आवरल्यावर तेवढं लिहीत बसायला कुणाला वेळ असतो?

नेमका प्रश्न कसा विचारायचा हे कळायला पिठात काय चाललेलं असतं ते थोडं माहीत हवं. त्याची सुरुवात गव्हापासून करू. गव्हाच्या कणकेत पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांची ताणली जाणारी जाळी तयार होते. तिला ग्लूटेन म्हणतात. पोळी लाटताना ती ताणली जाते पण तुटत नाही, ते या जाळीमुळे. ज्वारीत ग्लूटेन नसतं. ज्वारीतही प्रथिनं आहेत, पण ती बारीक कणांच्या रूपात बंदिस्त असतात, साध्या पाण्याने ती मोकळी होऊन एकमेकांना धरत नाहीत. म्हणून गार पाण्यात भिजवलेलं ज्वारीचं पीठ ओल्या वाळूचा लाडू वळावा तसं वागतं: मुठीत धरलं तर गोळा, दाबलं की चिरा.

मग भाकरी धरून ठेवतं कोण? स्टार्च. पिठातल्या स्टार्चच्या कणांना पाणी आणि पुरेशी उष्णता एकदम मिळाली की ते पाणी शोषून फुगतात, त्यांची खळ होते आणि उरलेलं पीठ त्या खळीत चिकटून बसतं. ज्वारीच्या बाबतीत हे साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं. गव्हाचा स्टार्च त्याच्या आधीच फुगायला लागतो, ज्वारीला जास्त उष्णता लागते. आपल्या घरांत पाण्याला आधण आणून ते पिठात ओततात, त्याचं कारण एवढंच.

इथेच पहिला घोटाळा होतो. पाणी "गरम" होतं की "उकळतं", हा फरक शिकणाऱ्याला किरकोळ वाटतो. साधा हिशोब करून बघू. 100 ग्रॅम पीठ घेतलं, पीठ घरातल्या हवेइतकं, म्हणजे 30 अंशाला आहे. त्यात 100 ग्रॅम उकळतं पाणी ओतलं. पाण्याच्या मानाने कोरडं पीठ निम्म्याहून कमी उष्णता खातं, म्हणून मिश्रण मधोमध 65 अंशांवर न थांबता 80 च्या घरात जातं. परात, उलथनं आणि हवा यांनी आपापला वाटा उचलला तरी काम भागतं. आता तेच पाणी 70 अंशांचं घ्या. बोट बुडवलं तर हात झटकून मागे घ्यावा लागेल इतकं ते गरम असतं, "कडकडीत" म्हणायला कुणी कमी करणार नाही. पण पिठात मिसळल्यावर मिश्रण 60 अंशांपर्यंतही पोचत नाही. स्टार्च फुगायच्या अलीकडेच राहतो. दोन्ही पाण्यांतून वाफ निघते, दोन्ही हाताला भाजतात, आणि एकाची भाकरी होते, दुसऱ्याची होत नाही.

म्हणून प्रश्नात "गरम पाणी घेतलं" असं लिहून उपयोग नाही. "पाण्याला खळखळून उकळी आल्यावर गॅस बंद केला आणि लगेच ओतलं" किंवा "पाणी आधी तापवून ठेवलं होतं, पीठ चाळेपर्यंत पाच मिनिटं गेली" असं लिहा. दुसरं वाक्य वाचलं की वहिनींना पुढचं वाचायची गरजच पडत नाही.

दुसरी गोष्ट पिठाचं वय. सोलापुरात कुठल्याही गिरणीसमोर उभे राहा, बायका ज्वारी थोडी थोडीच दळून नेताना दिसतील. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. दाणा अख्खा असतो तोवर त्याच्या कोंबातलं तेल सुरक्षित असतं. दळला की ते तेल हवेला आणि दाण्यातल्याच एन्झाइमला उघडं पडतं आणि हळूहळू त्याची आम्लं सुटी होतात. पीठ जुनं झाल्यावर जिभेवर कडवट लागतं ते यामुळे. ही सुटी झालेली आम्लं स्टार्चच्या लांब साखळ्यांत जाऊन अडकतात आणि खळीचा चिकटपणा कमी करतात. उन्हाळ्यात हे लवकर होतं, आणि सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. पीठ जुनं झालंय का हे ओळखायला चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवा. ताजं पीठ किंचित गोडसर लागतं. घशाशी कडू चव रेंगाळली तर समजायचं.

प्रश्नात "दळून किती दिवस झाले" हे आलंच पाहिजे. पाकिटातलं पीठ असेल तर पाकिटावरची तारीख लिहा, कारण तुम्ही पाकीट काल फोडलं याने पिठाचं वय कमी होत नाही.

ज्वारी कुठली, हेही एका शब्दात लिहावं. आपल्याकडची रब्बीची मालदांडी भाकरीला नावाजलेली आहे. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात मालदांडीतूनच निवडलेलं एम 35-1 हे वाण अजूनही पेरलं जातं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रब्बीचा दाणा कोरड्या हवेत पिकतो. खरिपाची ज्वारी ऐन काढणीला पावसात सापडली तर दाणा काळा पडतो, बुरशी धरते, कधी कणसातच कोंब फुटायला लागतात. असं झालं की दाण्यातला स्टार्च आधीच तुटायला लागलेला असतो आणि मग पाणी कितीही उकळतं घ्या, खळ धरत नाही. पण खरं सांगायचं तर सोलापुरात राहून भाकरी फुटत असेल तर ज्वारीचा दोष असायची शक्यता कमीच.

आता एक प्रश्न जसा आला तसा बघू. कोकणातून नोकरीसाठी सोलापुरात आलेला एक मुलगा. घरी भात खाऊन वाढलेला, इथे खोलीवर स्वतः करून खातो. त्याने पहिल्यांदा इतरांसारखंच विचारलं होतं, भाकरी फुटते म्हणून. सोबत फोटोही होता: ताटात तुकडे झालेली भाकरी, शेजारी शेंगाचटणी. वहिनी म्हणाल्या, "चटणी चांगली दिसतीय." झालेल्या भाकरीच्या फोटोवरून खरंच काही कळत नाही. तुकडे कशाने झाले ते त्यात नसतं. परातीत थापताना चीर पडली त्या क्षणाचा फोटो असता तर तो कामाचा होता.

वहिनींनी नेहमीचं विचारलं. हा मुलगा मात्र परत आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं ते असं होतं:

"काकू, आज नीट बघितलं. पीठ मालदांडीचं, चार दिवसांपूर्वी गिरणीतून आणलेलं. दोन वाट्या पीठ, दीड वाटी पाणी, उकळी आल्या आल्या ओतलं, चमच्याने हलवून झाकलं आणि मग मळलं. चार गोळे करून ठेवले. पहिली भाकरी चांगली झाली, फुगली पण. दुसरीला कडेला थोड्या चिरा. तिसरी आणि चौथी परातीतच वीतभर व्हायच्या आत चारी बाजूंनी फाटल्या. तव्यावर नवीन चिरा पडत नाहीत, परातीतल्याच राहतात. पाणी वाढवायचं का, की गोळे ठेवायची पद्धत चुकतीय?"

वहिनींनी हे वाचताना ताटातला घास तसाच हातात ठेवून उत्तर सांगितलं. दोन ओळींचं: "पाणी वाढवू नका. गोळे करून ठेवू नका, एका भाकरीपुरती उकड घ्या, पाण्याचा हात लावून रगडून मळा, आणि लगेच थापा. बाकीची उकड ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा."

उत्तर एवढ्या झटक्यात का आलं, ते त्याच्या प्रश्नातच आहे. पीठ तेच, पाणी तेच, आणि पहिली भाकरी चांगली. म्हणजे पिठाची विरी शाबूत आहे आणि पाणीही पुरेसं तापलेलं होतं. या दोन्ही शंका त्या एका वाक्याने निकालात निघाल्या. तव्यावर नवीन चिरा पडत नाहीत, म्हणजे तव्याचाही दोष नाही. आता पहिल्या आणि चौथ्या भाकरीत काय बदललं? फक्त वेळ. गोळा पडून राहिला.

पोळीची कणीक मळून ठेवली तर उलट चांगली होते, कारण ताणलेलं ग्लूटेन सैल पडतं. पोळीची सवय असलेला माणूस भाकरीचंही पीठ तसंच मळून ठेवतो, आणि ते साहजिकच आहे. पण भाकरीच्या गोळ्यात सैल पडायला काही नाहीच. उलट तो पडून राहिला की एकाच वेळी तीन गोष्टी होतात. वरचा थर वाळतो. आतले जाडसर कण अजून पाणी पीत असतात, त्यामुळे गोळा घट्ट होत जातो. आणि फुगलेला स्टार्च थंड होताना पुन्हा आवळायला लागतो, खळीची लवचीकता जाते. म्हणून तिसऱ्या गोळ्याला हात लावला तर वरून मऊ वाटतो, पण थापताना कड फाटते. त्या मुलाला वाटलं पाणी कमी पडतंय. सुरुवातीलाच पाणी वाढवलं असतं तर पहिली भाकरीही परातीला चिकटली असती.

रगडून मळणं हे नुसतं सवयीचं काम नाही. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पीठ परातीवर पुढे घासत न्यायचं, गोळा करायचा, पुन्हा घासायचं. यात झालेली खळ कोरड्या राहिलेल्या पिठात सारखी पसरते. मळून झालं की नाही हे बघायला गोळा तळहातावर दाबून चपटा करा आणि कडेकडे बघा. कड गुळगुळीत राहिली तर थापायला घ्या. बारीक दात पडल्यासारखी दिसली तर अजून एक पाण्याचा हात आणि पुन्हा रगडा. ही तपासणी मला इतर सगळ्या मोजमापांपेक्षा भरवशाची वाटते, कारण वाटीभर पाणी म्हणजे किती हे पिठागणिक बदलतं.

समजा त्या मुलाने "पहिल्यापासून सगळ्याच फाटतात" असं लिहिलं असतं. मग संशय दोघांवर गेला असता, पाणी आणि पीठ. त्यांना वेगळं करायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तेच पीठ ठेवा, पाणी बदला: पातेल्यात पाण्याला उकळी आणा, पीठ थेट त्या पाण्यात घाला, हलवून गॅस बंद करा आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. अशा उकडीत उष्णता वाया जात नाही. एवढ्याने कड सुधारली तर दोष पाण्याचा होता. तरीही फाटत असेल तर शेजारून वाटीभर ताजं पीठ मागून आणा आणि तशीच उकड काढा. आता जमलं तर जुन्या पिठाचा नाद सोडा, त्याचं धिरडं करा. दोन्ही एकदम बदलून भाकरी जमली तर आनंद आहे, पण कशाने जमली ते कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागेल.

हे करून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नात ते लिहा. "उकड काढून बघितली, तरी फाटते" हे वाचलं की शिकवणारा पहिला उपाय गाळून थेट पुढचं सांगतो. नाहीतर तो उकड काढा म्हणणार, तुम्ही काढली होती म्हणणार, आणि दोन दिवस जाणार.

तव्यावरच्या फुटण्याचं थोडक्यात सांगतो. भाकरी तव्यावर टाकताना परातीकडची, कोरडं पीठ लागलेली बाजू वर येते, आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात. त्या पाण्याने वरचं कोरडं पीठ ओलं होऊन त्याचा अखंड पापुद्रा बनतो. पाणी फिरवायला उशीर झाला किंवा मध्ये कोरडा डाग राहिला तर तिथेच तडा जातो. उलटायची वेळ पाणी सुकत आलेलं असतं पण पूर्ण वाळलेलं नसतं, तेव्हाची. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशिरा उलटली तर वरचा थर आधीच वाळून तडकलेला असतो. म्हणून इथे फुटत असेल तर प्रश्नात दोनच गोष्टी हव्यात: पाणी फिरवलं तेव्हा भाकरी टाकून किती वेळ झाला होता, आणि उलटताना वरची बाजू चकाकत होती की पांढरी पडली होती. तवा लोखंडी की नॉनस्टिक, हे तिसरं. पातळ नॉनस्टिक तव्यावर खालून लवकर करपतं, माणूस घाबरून लवकर उलटतो.

फुगत नाही ही तक्रार मात्र बऱ्याचदा स्वतंत्र नसतेच. दोन्ही बाजूंचे पापुद्रे भाजून घट्ट झाले की मधल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्यांना एकमेकांपासून सोडवते. कुठे बारीक चीर असेल तर वाफ तिथून निघून जाते. म्हणजे परातीत कड फाटलेली भाकरी फुगणार नाही, हे आधीच ठरलेलं आहे. "फुगत नाही" असं विचारण्याआधी भाकरी तव्यावर टाकायच्या क्षणी कडेवरून एकदा नजर फिरवा. कड अखंड असूनही फुगली नाही, तरच तो वेगळा प्रश्न. तिथे बहुधा थापताना एका जागी बोट जास्त दाबलेलं असतं, किंवा दुसरी बाजू पुरती भाजायच्या आत भाकरी विस्तवावर धरलेली असते.

आणि कडक भाकरीबद्दल कुणी हेच विचारलं तर तिला हे सगळं लागू करू नका. ती पातळ थापून, मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत शेकलेली असते, तिच्यातलं पाणी घालवायचंच असतं, म्हणून ती दिवसेंदिवस टिकते. तिच्यावर बारीक तडे दिसले तरी वहिनी ती बाजूला काढत नाहीत, विकायच्या गठ्ठ्यातच ठेवतात.